चाळणीने न पाहिलेलं

आमच्या कॉलेजात चाळणी आली ती भांडणं मिटवायला. पुण्याची एक संस्था दरवर्षी आमच्या कॉलेजातून एका विद्यार्थ्याला दिवाळीनंतर वर्षभरासाठी बोलावते. गावच्या चालीरीती, कामं, बोलणं, गाणी कशी टिपून ठेवायची ते शिकवते, राहायला खोली देते, आणि पोर जरा बरं निघालं तर पुढे कामालाही ठेवून घेते. त्यासाठी आपल्या गावावर एक लेख लिहून द्यायचा असतो. कोणाचा लेख पाठवायचा हे इतकी वर्षं मराठीचे सर ठरवायचे. आणि इतकी वर्षं दर दिवाळीच्या आधी कोणाचा तरी बाप प्राचार्यांच्या केबिनमध्ये येऊन टेबलावर हात आपटायचा, की सरांनी आपल्या लाडक्याला पाठवलं.

अलीकडे त्यात नवी तक्रार आली. तो लेख पोराने लिहिलेलाच नाही, मोबाइलने लिहिला. सर म्हणायचे, मला वाचल्यावर कळतं. बाप म्हणायचा, तुमाले कसं कळते, पुरावा काय? सरांकडे पुरावा नसायचा. पस्तीस वर्षं पोरांचं मराठी वाचून जे कळतं त्याला केबिनमध्ये काडीची किंमत नसते.

मी याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मी प्राध्यापक, नाही घेतला तर कामरगावची एक बाई, रोज जीपमध्ये कोंबून येणारी. प्राचार्यांनी एकदा मला बोलावून घेतलं आणि चहा मागवला. आमच्याकडे चहा मागवला की समजायचं, काम फुकटचं आहे.

"मॅडम, तुमी कॉम्प्युटरवाल्या. हे मोबाइलनं लेहलेलं अन् पोरानं लेहलेलं, दोन्ही वेगळं काढणारं काहीतरी बनवा ना. म्हणजे ना सरांवर आळ, ना माह्या डोक्याले ताप."

मला मनापासून आनंद झाला, हे कबूल करते. इतकी वर्षं मी पोरांना एक्सेलचे रकाने शिकवत होते आणि माझं शिक्षण डोक्यातल्या डोक्यात गंजत होतं. कोणीतरी खरं काम दिलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि सर लॅबमध्ये बसलो. कूलर नुसता आवाज करायचा. काम तसं समजायला अवघड नाही. नेटवर भाषेची तयार मॉडेलं फुकट मिळतात. त्यांनी आधीच ढीगभर मराठी, हिंदी वाचलेलं असतं. आपण त्यांना फक्त शेवटचा धडा द्यायचा. दोन ढीग समोर ठेवायचे, हा माणसाचा आणि हा यंत्राचा, आणि पुन्हा पुन्हा दाखवत राहायचं. चुकलं की ते आतले आकडे थोडे हलवतं, परत बघतं. याला फाइन-ट्यूनिंग म्हणतात. शेवटी नवा लेख दिला की ते सांगतं, हा या ढिगातला की त्या ढिगातला, आणि किती खात्रीने. मी त्याला दोन रंग दिले. माणूस असेल तर हिरवा, यंत्र असेल तर लाल. चाळणी हे नाव सरांचं.

माणसांचा ढीग सरांनी आणला. कॉलेजच्या जुन्या वार्षिक अंकांमधले लेख, वर्गात लिहून घेतलेले निबंध, सगळं आम्ही टाइप करून घेतलं. आमच्या पोरांचं मराठी म्हणजे अर्धं पुस्तकातलं, अर्धं घरचं. 'मला' लिहिता लिहिता 'मले' लिहून जातात, वाक्य सुरू एकीकडे करतात आणि संपवतात दुसरीकडे. सर वाचता वाचता हसायचे आणि मध्येच डोळे पुसायचे. त्यातली बरीच पोरं आता कुठे आहेत हे त्यांना ठाऊक होतं.

यंत्राचा ढीग मी केला. त्या वेळी सगळ्यांच्या मोबाइलवर दोन अ‍ॅप होती, सांगाल ते लिहून देणारी. त्यांनाच तेच विषय दिले. माझं गाव, आठवडी बाजार, शेतातला एक दिवस. ती भराभर लिहून द्यायची, आणि काय ते मराठी! प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी तात्पर्य, प्रत्येक बाजार 'केवळ खरेदी-विक्रीचे ठिकाण नसून संस्कृतीचा संगम', सगळी वाक्यं एका मापाची. वऱ्हाडीत लिही म्हटलं तर भलतंच काहीतरी लिहायची, निम्मी हिंदी आणि निम्मी कोल्हापूरची. सर म्हणाले, "हे वळखाले मशीन कायले लागते? हे तं माही म्हैसही वळखन."

चाळणी तयार झाली. दोन्ही ढिगांतले काही लेख मी आधीच बाजूला काढून ठेवले होते, शिकवताना दाखवले नव्हते. ते आता घातले. जवळजवळ सगळे बरोबर निघाले. सरांनी टाळी वाजवली. मीही हसले, पण माझ्या मनात एक गोष्ट टोचत होती. बाजूला काढलेले लेखही त्याच दोन अ‍ॅपचे होते. एकाच पोत्यातली सोयाबीन अर्धी पेरायची आणि अर्धी उगवते का बघायची, असला तो प्रकार. त्यातून त्या पोत्याचं कळतं, दुकानातल्या दुसऱ्या पोत्याचं काहीच कळत नाही.

हे मी बैठकीत बोलले. बैठक म्हणजे प्राचार्य, सर आणि मी. प्राचार्यांना म्हटलं, "सर, चाळणीनं दोनच अ‍ॅप पाहिली आहेत. उद्या तिसरं आलं तर ती काय म्हणेल ते मला सांगता येत नाही."

"तिसरं आलं की पाहू," प्राचार्य म्हणाले. "आता उद्घाटन कराचं हाय."

उद्घाटन झालं. नारळ फुटला, की-बोर्डला हळदकुंकू लागलं. मी ते नंतर ओल्या फडक्याने पुसत बसले. प्राचार्यांनी जाहीर केलं की पुण्याच्या निवडीत चाळणीचा शब्द शेवटचा. लाल आलं की लेख बाद, मग कोणाचंही पोर असो. पोरांच्या मनात भीती नको म्हणून चाळणी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरही ठेवली. ज्याला आपला लेख तपासून पाहायचा त्याने पाहावा. ही कल्पना प्राचार्यांची आणि मीही मान डोलावली. आमच्याकडे पारदर्शकपणा या शब्दाला कोणी नाही म्हणत नाही.

वर्गात पोरं मला विचारायची, मॅडम, कसं लिहू म्हणजे लाल नाही येणार? मी सांगायचे, जसं घरी बोलता तसं लिहा. पुस्तकी वाक्यं करत बसू नका. सरही तेच सांगायचे, त्यांची कारणं वेगळी होती आणि माझ्यापेक्षा चांगली होती.

बीएच्या शेवटच्या वर्षाला एक पोरगी होती, आसेगावच्या बाजूच्या एका वस्तीवरची. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. सगळी वस्तीच जाते. ही मागे राहून शिकली, ती एका म्हाताऱ्या आत्याजवळ. आत्या त्या उन्हाळ्यात वारली. आता मागे राहायला घर नव्हतं. बापाने सांगून ठेवलं होतं, पुण्याचं जमलं तर जा, नाही तर यंदा आमच्यासोबत चाल, एकटं ठेवणार नाही. त्यात त्याचंही काही चुकत नव्हतं. ऊसतोडीला गेलेली पोरगी परीक्षेला परत येते असं मी कधी पाहिलेलं नाही. म्हणजे तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, आणि मधे तो लेख.

पहिला लेख तिने अगदी गाइडमधल्यासारखा लिहून आणला. 'माझे गाव निसर्गरम्य आहे' वगैरे. सरांनी तो परत दिला. "हे कोनाचं गाव हाय पोरी? तुह्या बोलीत लेह. तुमच्या वस्तीवर दिवाळीनंतर काय होते ते लेह." ती माझ्याकडेही आली. बोलीत लिहिलं तर पुण्याचे लोक हसतील का, म्हणाली. मी म्हटलं, "हसले तर हसू दे. बिनधास्त लिही, चाळणीलाही बोली चालते."

तिने लिहिलं. दिवाळीनंतर वस्ती निघते तेव्हा सगळ्या घरांच्या चाव्या त्या आत्याकडे ठेवून जातात. चावी कोणाची हे कळावं म्हणून प्रत्येक बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी तिला बांधते. आत्याला नीट दिसत नव्हतं, ती चिंधी चाचपून घर ओळखायची. आत्या गेल्यावर त्या चाव्या या पोरीच्या हातात आल्या आणि तिला एकही चिंधी ओळखता येईना. एवढाच लेख. सरांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. चाळणीत घातला. हिरवा.

शेवटच्या निवडीत तिचा लेख आणि केनवडच्या एका मुलाचा लेख उरला. मुलगा बऱ्या घरचा, बागाईत शेती, बाजारात दुकान, बोलायला चटपटीत. त्याचा लेख केनवडच्या बाजारावर होता आणि चक्क वऱ्हाडीत. बांगड्यावाली, मिरची तोलणारा म्हातारा, भज्यांचा वास, वाक्यं आखूड, मध्येच तुटलेली. प्राचार्य वाचून खूश. "पोराच्या हातात जादू हाय!" चाळणी हिरवी, आणि खात्री जवळजवळ पूर्ण.

सरांची सासुरवाडी केनवडची. ते लेख दोनदा वाचून म्हणाले, "यात केनवड नाई. नाव तेवढं हाय. हा बाजार कुठचाबी हाय."

"सर, परत तेच?" प्राचार्य म्हणाले. "तुमाले वाटते. मशीनले नाई वाटत."

सरांनी लेख टेबलावर ठेवून दिला. चाळणी आणली होती ती त्यांच्यावरचा आळ जावा म्हणून. आता त्यांचं तोंडच बंद झालं होतं. दोन्ही हिरवे, तेव्हा निवड प्राचार्यांच्या पसंतीवर आली आणि त्यांनी मुलाचं नाव काढलं. कागद पाठवायला अजून काही दिवस होते.

सरांचं ते 'यात केनवड नाई' माझ्या डोक्यातून जाईना. घरी गेले तर भाची मोबाइल घेऊन बसलेली. तिच्याकडे एक नवीनच अ‍ॅप होतं, दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेलं. मी म्हटलं, याला सांग, आमच्या गावच्या बाजारावर लिही, वऱ्हाडीत, पोरासारखं, वाक्यं सरळ नकोत. तिने सांगितलं. मी तिच्या हातातून मोबाइल घेऊन ते पुन्हा वाचलं. 'मले', 'तुले', 'करून राह्यला', सगळं जागच्या जागी. तात्पर्य नाही, संगम नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये चाळणीत घातलं. हिरवं. आणखी लिहून घेतले, वेगवेगळ्या विषयांवर. सगळे हिरवे. एखाद्याबद्दल तरी ती अडखळेल असं वाटलं होतं, पण ती प्रत्येक वेळी छातीठोकपणे सांगत होती, माणूस.

त्या दिवशी मला ते नीट दिसलं. चाळणी 'यंत्र म्हणजे काय' हे कधी शिकलीच नव्हती. ती त्या दोन अ‍ॅपच्या खोडी शिकली होती. तात्पर्य दिसलं, एका मापाची वाक्यं दिसली, की लाल. शिवाय तिने आणखी एक सोपा रस्ता शोधला होता. वऱ्हाडी फक्त माणसांच्या ढिगात होती, कारण त्या दोन अ‍ॅपना ती येतच नव्हती. म्हणजे वऱ्हाडी दिसली की हिरवं. कोणी तिला असं सांगितलं नव्हतं. समोर ठेवलेल्या ढिगांना वेगळं करायला तेवढं पुरलं, म्हणून तिने पुढे काही शिकण्याची तसदी घेतली नाही. नवं अ‍ॅप आलं, त्याला त्या खोडी नव्हत्या आणि बोली येत होती. चाळणीकडे दोनच कप्पे. 'हे मी कधी पाहिलं नाही' असं म्हणायला तिच्याकडे जागाच नाही. काहीही द्या, ते दोनातल्या एकात टाकणार. आणि खात्रीचा आकडा मोठा दिसतो तो तिला माहीत आहे म्हणून नाही, तर तो लेख तिने ओढलेल्या रेषेपासून लांब पडला म्हणून.

उन्हाळ्यात करायची ती परीक्षाही मी आता केली. दोन अ‍ॅपपैकी एकच दाखवून नवी चाळणी शिकवली आणि दुसऱ्याचे लेख तिच्यात घातले. निम्म्याहून जास्त हिरवे. जे तिसऱ्याने केलं ते दुसऱ्यानेही केलं असतं, फक्त आम्ही त्याला आधीच ढिगात घेतलं होतं.

त्या मुलाला मी व्हरांड्यात गाठलं. तो घाबरला नाही. "मॅडम, पहिले जुन्या अ‍ॅपचा लेख टाकला लायब्ररीत, तं लाल आला. मंग नव्याचा टाकला, हिरवा आला. तुमचीच मशीन म्हने, चालते." त्याला खरंच वाटत होतं की हिरवं आलं म्हणजे परवानगी मिळाली. मला राग आला आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

मग मी जे केलं ते घाईत केलं. नव्या अ‍ॅपकडून भरपूर लेख लिहून घेतले, सगळे वऱ्हाडीत, कारण मला तोच मुलगा पकडायचा होता. ते यंत्राच्या ढिगात घातले आणि चाळणीला परत शिकवलं. मुलाचा लेख टाकला. लाल. मी एकटीच खुर्चीवरून उठले. तिथल्या तिथे प्राचार्यांना फोन लावला, म्हटलं, सर, या, निकाल बदलतो आहे.

ते आले, सोबत सरही आले. मी मुलाचा लेख पुन्हा दाखवला. लाल. प्राचार्यांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "मंग त्या पोरीचाबी टाका. नियम दोघाइले सारखा."

मी हसत हसत टाकला. लाल.

मला वाटलं चुकीची फाइल. परत टाकला. लाल. सर खाली वाकून पडद्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

का झालं ते मला लगेच कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. आधी वऱ्हाडी म्हणजे माणूस होता. मी नव्या अ‍ॅपचा एवढा मोठा वऱ्हाडी ढीग यंत्राच्या बाजूला ओतला, की चाळणीने रेषाच उलटी ओढली. आता घरची बोली, आखूड वाक्यं, अर्धवट सोडलेलं काही दिसलं की लाल. मी घाईघाईने वार्षिक अंकातले जुने लेख काढले, शिकवताना न वापरलेले. कितीतरी लाल निघाले. त्यात सरांचाच एक होता, ते याच कॉलेजात शिकत होते तेव्हाचा. तेव्हा इथे धड वीजही नव्हती.

"म्हंजे मी बी मशीन," सर म्हणाले.

"सर, हेच तर सांगते आहे," मी प्राचार्यांना म्हटलं. "हा लाल खोटा आहे. पोरीचा लेख तिचाच आहे. सरांनी तिचे दोन खर्डे पाहिलेत."

"मंग पोराचा लाल खरा कसा?" प्राचार्य म्हणाले. "त्याचा खरा अन् तिचा खोटा, हे कोन ठरवनार? तुमी? उद्या त्याचा बाप इथं येऊन बसला तं मी त्याले काय सांगू? मशीन लाल म्हने, पन मॅडम हिरवं म्हनतात?"

मी म्हटलं, मुलाने माझ्यापुढे कबूल केलंय. त्यांनी मुलाला बोलावलं. तो म्हणाला, मी असं काही बोललो नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं. सरांनी आपली नोकरी, आपलं नाव, सगळं त्या टेबलावर ठेवलं. पोरीची मी हमी घेतो म्हणाले. प्राचार्य नरमाईने बोलले, तेच वाईट होतं. रागावले असते तर भांडता आलं असतं. म्हणाले, "सर, तुमच्या हमीवरच तं इतकी वर्सं भांडनं झाली. म्हनूनच आनली ना ही चाळनी?"

शेवटी त्यांनी पुण्याला कळवलं की यंदा आमच्याकडून कोणी पात्र नाही. त्यांच्या दृष्टीने हा सगळ्यात न्यायाचा निकाल होता, कारण यात कोणाचाही बाप केबिनमध्ये येणार नव्हता. आला नाहीच. केनवडचा मुलगा पुण्यालाच दुसरा कोर्स करायला गेला, तिथे त्याचे काका आहेत. पोरीचा बाप तर साधं विचारायलाही आला नाही. लाल आलं म्हणजे त्याला काय वाटलं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

चाळणी अजून आहे. मी प्राचार्यांना लेखी दिलं की ती बंद करा. ते म्हणाले, नव्या अ‍ॅपचं आणखी खाऊ घाला, माणसांचंही घाला, सुधारेल. सुधारते, हेही खरं आहे. मी माणसांचं वऱ्हाडी लिखाण वाढवलं तेव्हा खोटे लाल कमी झाले आणि नवं अ‍ॅपही बरंचसं सापडायला लागलं. मग पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला भाचीने आणखी एक अ‍ॅप दाखवलं. त्याचा लेख घातला. हिरवा, पूर्ण खात्रीने. मी आता ते कोणाला सांगायलाही जात नाही. दरवेळी जे येऊन गेलं तेच तिला कळतं, जे येणार आहे ते नाही. पण रंग दाखवताना ती हे सांगत नाही, आणि बघणाऱ्याला रंगच दिसतो. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजनेही परवा विचारलं, आम्हालाही द्या ना तुमची चाळणी. मी म्हटलं, बिघडली आहे. त्यांनी प्राचार्यांकडून नेली.

निकाल लागला त्या वर्षीचीच गोष्ट, दिवाळी झाली आणि ती पोरगी लायब्ररीची पुस्तकं परत करायला आली. दुपारची वेळ होती, लॅब रिकामी. ती दारात उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत चाव्या वाजत होत्या. यंदा वस्तीवर मागे कोणीच राहणार नव्हतं, म्हणून त्या आसेगावातल्या एका दुकानदाराकडे ठेवायच्या होत्या. तिने प्रत्येक चिंधीवर पेनाने नाव लिहिलं होतं.

मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही. मी काय काय बोलत सुटले. चूक तुझी नाही, मशीनची आहे, ती अशी शिकते, तशी शिकते, मी घाई केली. ती सगळं ऐकून घेत होती, वर्गात ऐकायची तसंच, मान थोडी कलती करून. तिला त्यातलं बरंच समजलंही असणार.

"मॅडम," ती म्हणाली, "मशीननं माह्या कोनत्या ओळीले लाल म्हटलं?"

"ओळ नाही सांगत ती. सगळ्या लेखाला मिळून एकच रंग देते."

"हां." बाहेर तिच्या बापाने हाक मारली, जीप भरत आली होती. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पह्यले पुस्तकासारखं लेहलं तं सर म्हने हे तुहं नाई. तुमी म्हने घरी बोलतं तसं लेह. तसं लेहलं तं मशीन म्हने हे बी तुहं नाई." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. "मंग आता कसं लेहू, मॅडम?"